भाग ३१ : सव्वासात म्हणजे सव्वासात

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये उभे असाल तर आधी नीट धरून उभे राहा, मग ऐका.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. म्हणाला, "दादा, मला एक मुलगी आवडते, ती डिव्होर्सी आहे, तिला चार वर्षांची मुलगी आहे. फ्लर्ट करू का नको, आणि केलं तर मुलीचा विषय काढू का नको?" मी त्याला दोन ओळींचं उत्तर लिहायला घेतलं आणि तासभर लिहीतच बसलो. कारण गेलं वर्षभर मी स्वतः हेच शिकतोय, आणि बरंचसं चुकून शिकलोय. तर आजचा भाग त्याच्यासाठी. जिच्याबद्दल बोलणार आहे तिला विचारून बोलतोय. तिची अट एकच होती, नाव नको, आणि मुलाचं तर नकोच. म्हणून ती म्हणजे "ती", आणि मुलाला आपण छोटू म्हणू. छोटू सहा वर्षांचा आहे, पहिलीत.

बाणेरमध्ये आमची सकाळची बॅडमिंटनची बॅच आहे, सव्वासहा ते सव्वासात. मी तिथे जायला लागलो ते डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉलचा आकडा दाखवल्यावर. वय अठ्ठावीस आणि कोलेस्ट्रॉल वडिलांपेक्षा जास्त, हिंजवडीत बसून कोड लिहिण्याचं हे फळ. बॅचमध्ये ती होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि ड्रॉप शॉट असा मारते की शटल नेटला टेकून खाली पडतं आणि आपण मागच्या रेषेवर उभे राहून बघत बसतो.

खेळ झाला की बाकीचे आम्ही कट्ट्यावर चहा प्यायचो. ती मात्र सव्वासातला रॅकेट कव्हरमध्ये घालायची आणि निघायची. मॅच पॉइंट चालू असला तरी. पहिले दोन महिने मला वाटलं, शिष्ट आहे. मग एकदा मीच विचारलं, "चहा नाही घेत का तू?" ती म्हणाली, "सात पस्तीसला स्कूल बस येते. त्याच्या आत डबा, वेणी माझी, बूट त्याचे." आणि गेली. मी तिथेच उभा. मंडळी, शिष्टपणा वगैरे काही नव्हता, वीस मिनिटांचा हिशोब होता.

आता मी काय केलं असेल? मी इंप्रेस झालो आणि लगेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मेसेज केला, "आत्ता बाणेर रोडवर आहे, कॉफी?" मला वाटलं होतं, किती सहज, किती कूल. उत्तर आलं साडेनऊला, "सॉरी, आत्ता पाहिला." मी पुन्हा दोन दिवसांनी तेच केलं. पुन्हा साडेनऊ. तिसऱ्यांदा मला राग यायला लागला होता, खरं सांगतो. पुढे कधीतरी तिने मला साडेसहाचं चित्र सांगितलं. ऑफिसमधून येऊन पाय धुतलेले नाहीत, आजीचे गुडघे दिवसभरात दुखून गेलेत म्हणून तिला बसवायचंय, छोटूची वही उघडी आहे आणि त्याला नेमकी आत्ताच उद्याच्या पानांच्या संग्रहाची आठवण झालीय. सात वेगवेगळ्या झाडांची पानं, सोसायटीच्या बागेतून, अंधारात, मोबाईलचा टॉर्च लावून. त्या वेळी फोनवर "कॉफी?" असं येतं, तेव्हा ते आमंत्रण वाटत नाही. आणखी एक जण काहीतरी मागतोय असं वाटतं.

एकट्या पालकाला अचानक विचारणं गोड वाटत नाही, कारण अचानक "हो" म्हणणं त्यांच्या हातात नसतं. त्यांना प्रत्येक वेळी "नाही" म्हणावं लागतं, आणि सतत नाही म्हणून म्हणून माणूस तुमच्यापासूनच लांब पळायला लागतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं, वेळेचा प्रॉब्लेम मुलामुळे आहे ना, मग मुलालाच घेऊन बोलवू. "रविवारी पाषाण तलावावर जाऊ, छोटूलाही आण, मला मुलं खूप आवडतात!" वर एक रिमोटची गाडी घेतली, अकराशे रुपयांची, आणि सकाळी बॅचला तिच्या हातात दिली.

तिने ती गाडी परत केली. चिडून नाही, शांतपणे. म्हणाली, "अरे, हा घरी गेल्यावर विचारणार, कोणी दिली. मी काय सांगू? सांगितलं तर रोज विचारेल, तो काका कधी येणार. आणि तू उद्या बॅच बदललीस तर त्याला मी काय सांगू?" मग म्हणाली, "त्याचे बाबा कधी येणार याची वाट त्याने एक वर्ष पाहिलीय. मला दुसरी वाट लावून द्यायची नाही."

मी गाडी घेऊन ऑफिसला गेलो. अजून माझ्या डेस्कवर आहे. टीममधले लोक डिप्लॉयमेंटच्या दिवशी खेळतात.

तर त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे. मुलाचा विषय काढायचा, पण मुलाकडे जायचं नाही. मुलाला भेटवायचं की नाही आणि कधी, हे फक्त ते पालक ठरवणार. तुम्ही सुचवायचंही नाही. "मला मुलं खूप आवडतात" हे वाक्य तर विसरूनच जा. समोरच्याला ते दोन प्रकारे ऐकू जातं. एक, हा घाईत आहे. दोन, आणि हे बायका बोलून दाखवत नाहीत पण मनात येतं, की याला मुलांजवळ यायची एवढी हौस का? तुमचा हेतू कितीही स्वच्छ असू दे, ती आई आहे, तिचं कामच शंका घेणं आहे.

मग विषय काढायचा कसा? मला हे एका पडणाऱ्या दातामुळे कळलं.

एका बुधवारी खेळताना ती सहज बोलून गेली, की छोटूचा पुढचा दात हलतोय आणि तो वर्गात सगळ्यांना हलवून दाखवतो. मी ते लक्षात ठेवलं, बाकी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला, म्हणजे तो झोपल्यावर, मेसेज केला. तसाच्या तसा वाचून दाखवतो:

"दात पडला का शेवटी? आणि तुझा कालचा तो ड्रॉप शॉट मला झोपू देत नाहीये. यावर काहीतरी भरपाई मिळायला पाहिजे. रिप्लायची घाई नाही."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी, तिच्या लंच ब्रेकमध्ये: "दात पडला. तो उशीखाली ठेवायचं म्हणतोय, यूट्यूबवर पाहिलंय. आजी म्हणते छपरावर टाक. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. भरपाईचं बघू, आधी रिटर्न मारायला शीक."

हे वाचून मी ऑफिसमध्ये एकटाच हसत होतो. आमचं खरं फ्लर्टिंग तिथून सुरू झालं.

तो मेसेज का चालला यावर मी नंतर बराच विचार केला, तिलाही विचारलं. त्यात मुलाबद्दल एकच ओळ आहे, आणि ती त्याच मुलाबद्दल आहे. "बाळ कसं आहे" असं विचारलं असतं तर ते कोणाच्याही बाळाला चाललं असतं, आणि उत्तर "छान" एवढंच आलं असतं. दात मात्र छोटूचाच. त्यातून तिला कळलं की ती बोलते तेव्हा हा ऐकतो. पण त्या एका ओळीनंतर मी लगेच तिच्याकडे वळलो, तिच्या खेळाकडे. हे महत्त्वाचं आहे. कारण मधे एक काळ असा होता की मी शहाणपणा शिकल्याच्या नादात प्रत्येक मेसेज मुलावरच लिहायचो. जेवला का, अभ्यास झाला का, खोकला बरा आहे का. एका रात्री तिने लिहिलं, "दिवसभर मी छोटूची आईच असते रे. शाळेच्या ग्रुपवर तर माझं नावच ते आहे. तुझ्या मेसेजमध्ये तरी मी असू दे ना."

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खरंच बायकांचे नंबर असे सेव्ह असतात, अमक्याची मम्मी, तमकीची मम्मी. मग तिला तुम्ही म्हणालात की हिरवा रंग तुला छान दिसतो, तर ते किती दिवसांनी कोणीतरी म्हटलेलं असतं विचार करा. त्यामुळे मुलाची चौकशी एका ओळीत, जिव्हाळ्याने, आणि मग बाकी सगळं तिच्याबद्दल. आणि तो "रिप्लायची घाई नाही" लिहिला असेल तर पाळायचा पण. रात्री पावणेदहाला मेसेज टाकून साडेदहाला प्रश्नचिन्ह पाठवणारा माणूस घाई नसलेला नसतो.

एक कौतुक मात्र टाळा. "तू ग्रेट आहेस, एकटीने सगळं करतेस, मला तर जमलंच नसतं." आपण मनापासून म्हणतो. पण त्यात दया असते, आणि दयेच्या पोटी कोणाला लाजायला होत नाही. शिवाय "एकटीने" हा शब्द तिला तुम्ही कशाला आठवण करून देताय?

आता वेळेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

आमची पहिली ठरवलेली भेट एफसी रोडला होती. मी निवडली होती जागा, कॉलेजच्या आठवणी वगैरे. रविवारी साडेचार ते साडेसहा. मला वाटलं दोन तासांची भेट. तिच्या बाजूने ती कशी होती ऐका. बाणेरहून तिकडे जायला पाऊण तास, कारण विद्यापीठ चौक. परत यायला पाऊण तास. त्याआधी छोटूचं खाणं करून ठेवणं, होमवर्क संपवून घेणं, आजीला दुपारी झोपू देणं म्हणजे ती संध्याकाळी त्याच्यामागे धावू शकेल, याला एक तास. म्हणजे माझ्या दोन तासांच्या कॉफीला तिचे साडेचार तास लागले. आणि वर मी सहा पंचवीसला म्हणालो, "थांब ना अजून अर्धा तास." ती थांबली. घरी पोचेपर्यंत छोटू रडून झोपला होता, न जेवता. पुढचे तीन आठवडे ती भेटली नाही.

त्यानंतर मी भेटीची पद्धतच बदलली. जागा तिच्या घरापासून दहा मिनिटांच्या आत. वेळ विचारताना संपायची वेळ आधी सांगायची, सुरू व्हायची नंतर. आणि ती वेळ मीच पाळायची. मेसेज असा: "बुधवारी तुझं घरून काम असतं. पाऊण वाजता तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर डोसा? पावणेदोनला मी स्वतः तुला हाकलून देईन. जमत नसेल तर एक अंगठा उलटा टाक, कारण सांगायची गरज नाही."

पावणेदोनला मी खरंच उठलो, ती काहीतरी सांगत असताना. ती म्हणाली, "अरे, दहा मिनिटं आहेत अजून." मी म्हटलं, "ती तुझी आहेत, पडून राहा." मंडळी, त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी एवढे दिवस थांबायचा आग्रह करून जे मिळवायला बघत होतो, ते उठून निघाल्यावर मिळालं.

आणि भेट रद्द होणार, हे धरूनच चला. पहिलीतलं मूल म्हणजे पावसाळ्यात महिन्याला एक ताप. एका शनिवारी सकाळी नऊला तिचा मेसेज आला, "१०१ ताप, सॉरी." मी जे लिहिलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बरं लिखाण असावं: "सॉरी काय त्यात. आज काही नको, तू उत्तरही देऊ नकोस. औषध किंवा नारळपाणी खाली वॉचमनकडे ठेवायचं असेल तर फक्त 'हो' लिही, मी ठेवून जाईन, वर येणार नाही. आपलं पुढच्या बुधवारी." "वर येणार नाही" हे लिहिलं म्हणून तिने "हो" लिहिलं, असं ती नंतर म्हणाली. नाहीतर तिला तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन माझ्यासाठी घर आवरावं लागलं असतं.

इथे तुम्ही विचाराल, की मग बिझी आहे का टाळतेय, हे कसं ओळखायचं? साधं आहे. ज्याला वेळ नाही पण मन आहे तो माणूस दुसरी वेळ सुचवतो. आज नाही, गुरुवारी? किंवा निदान महिना संपू दे, क्लोजिंग आहे, मग बघू. टाळणारा माणूस नुसतं "बघू" म्हणतो. दोनदा तुम्ही विचारलंत आणि दोन्ही वेळा दुसरी वेळ आली नाही, तर ते उत्तर आहे. तिसऱ्यांदा विचारू नका, आणि मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून तर अजिबात नाही. मुलाची चौकशी हा मागचा दरवाजा होऊ द्यायचा नाही.

मुलाच्या वडिलांबद्दल मी काही विचारत नाही. ती सांगते तेवढं ऐकतो आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, ती चिडून ठेवत असली तरी. तो छोटूचा बाप आहे, उद्या त्यांना फॅमिली कोर्टात एकत्र बसायचं असेल, मला तिथे मत नाही. आणि फोटो. आमचा दोघांचा सेल्फीसुद्धा मी स्टेटसला टाकत नाही. ताब्याचा मामला चालू असला की चॅट आणि फोटो कोर्टात पुरावा म्हणून दाखवले जातात. तुमचा एक गोड सेल्फी तिच्या वकिलाचं काम वाढवू शकतो.

एका श्रोतीने विचारलंय, मला आवडणारा माणूस विधुर आहे, त्याला मुलगी आहे, त्याला हेच लागू का? बरंचसं हो. एक फरक मी माझ्या ऑफिसातल्या एका सीनियरकडून ऐकलाय. एकट्या बापाला भेटणारी प्रत्येक जण विचारते, "मग तिच्या वेण्या कोण घालतं?" तो घालतो. यूट्यूब बघून शिकला, आता सागरवेणीही येते. त्याला मदत नको असते, त्याला कोणीतरी "आज जेवताना तिच्याशिवाय दुसरं काय बोलूया" असं म्हणायला हवं असतं.

शेवटी एक चूक सांगतो, जी मला अजून टोचते.

त्यांच्याकडे ठरलंय, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा छोटू बाबांकडे. प्रत्येकाचं वेगळं असतं, हे त्यांचं. मला हे कळलं तेव्हा माझ्यातला इंजिनियर जागा झाला. महिन्यात दोन वीकेंड मोकळे! मी कॅलेंडरवर हिरव्या रंगाने मार्क केले. आणि पुढच्या पहिल्या शनिवारी दहा वाजून पाच मिनिटांनी मेसेज टाकला, "चला, आज स्वातंत्र्यदिन! कुठे जायचं?"

दोन तास काही नाही. मग फोन आला, तिने स्वतः केलेला पहिला फोन. ती त्याचं कपाट आवरत बसली होती. सकाळी तो बॅग घेऊन गाडीत बसला, टाटा केला आणि खिडकीची काच वर गेली, एवढं तिने सांगितलं आणि गप्प झाली. मी "सॉरी" म्हटलं. ती म्हणाली, "तुझी चूक नाही रे. सगळ्यांना वाटतं मी मोकळी झाले. घर मोकळं होतं, मी नाही."

आता त्या शनिवारी मी दहाला मेसेज करत नाही. दुपारनंतर करतो, आणि त्यात जायचं कुठे असं नसतं. "संध्याकाळी तलावावर एक चक्कर मारणार आहे. यायचं असेल तर ये, बोलायचं नसेल तरी चालेल." कधी ती येते, कधी येत नाही. रविवारी साडेपाचनंतर तर मी फोन बघतही नाही, कारण सहाला गाडी येते आणि तिचं सगळं लक्ष गेटकडे असतं.

आता मे महिना येतोय. सुट्टीतले तीन आठवडे छोटू बाबांकडे असणार आहे. तिने परवा स्वतःहून विचारलं, "त्यातल्या एखाद्या रविवारी भरपाई द्यायची का, त्या ड्रॉप शॉटची? आणि या वेळी एफसी रोड चालेल." मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण तिने ते रात्री साडेअकराला पाठवलं होतं आणि मी झोपलो होतो. सकाळी कोर्टवर तिने विचारलं, "वाचलास ना?" मी म्हटलं, "वाचला. रिप्लायची घाई नाही म्हणतात ना?" तिने शटल थेट माझ्या कपाळावर मारलं.

माझ्या घरी अजून सांगितलेलं नाही. आईला सांगायचंय, कसं ते माहीत नाही, तुमच्यापैकी कोणी सांगितलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चला, पावणेसहाचा अलार्म आहे. भेटू पुढच्या गुरुवारी.